कवळी सैल, बीपी जास्त: वडिलांचं मऊ आणि कमी मिठाचं जेवण कसं बसवायचं

दात गेले की माणूस आपोआप मऊ खायला लागतो, आणि मऊ खायला लागला की त्याच्या पोटातलं मीठ वाढतं. ही दुसरी गोष्ट घरात कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. आधी भाकरी सुटते, मग उसळ, मग कोशिंबीर. उरतं काय, तर भात-आमटी, खिचडी, चहात बुडवलेली खारी आणि पाव. भात आणि खिचडी पांचट लागतात म्हणून वर लोणच्याचा खार येतो, खिचडीत पापड चुरला जातो. खारी आणि पावात मीठ आधीच असतं. म्हणजे जेवणातली ताकद देणारी बाजू गळून जाते आणि बीपी वाढवणारी बाजू टिकून राहते.

म्हणून ‘मऊ’ आणि ‘कमी मिठाचं’ ही दोन कामं वेगवेगळी धरू नका. खाली जे लिहिते आहे ते आमच्या अण्णांच्या ताटावरून. वय ७६, वजन ५८ किलो, खालची कवळी सैल, बीपीची एक गोळी चालू, साखर नाही, किडनीचे रिपोर्ट बरे. तुमच्या घरात मधुमेह, किडनीचा आजार किंवा हृदयाचा कमकुवतपणा असेल तर यातली मापं डॉक्टरांना दाखवून मगच वापरा.

आधी तोंडात बघा, मग पातेल्यात

दोन-तीन जेवणं नुसतं शेजारी बसून बघा. काय खाल्लं यापेक्षा काय बाजूला काढलं ते पाहायचं. भाकरीच्या कडा, टोमॅटोचं साल, मेथीचे दांडे, फोडणीतला कढीपत्ता असं ताटाच्या काठावर गोळा होत असेल तर अडचण चावण्याची आहे. जेवायच्या आधी कवळी काढून ठेवत असतील तर ती टोचते आहे. वजन उतरलं की हिरड्या बदलतात आणि जुनी कवळी हलायला लागते. दाताच्या डॉक्टरांकडून ती आतून भरून पुन्हा बसवून घेता येते, आणि कधी कधी एवढ्यानेच निम्मा प्रश्न मिटतो. तेव्हा मिक्सर काढण्याआधी ती एक फेरी मारा.

चावता न येणं आणि गिळता न येणं यांत मात्र गल्लत करू नका. जेवताना किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागतो, घास गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो, घास गालात साठून राहतो, छातीत सारखा कफ होतो, यांपैकी काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी करून शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात. अशा माणसाला पातळ आमटीत मोकळा भात कालवून देणंही धोक्याचं ठरू शकतं, कारण पातळ रस्सा घशात आधी उतरतो आणि शितं मागे राहतात.

मिठाची वेगळी डबी

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. यात वरून घातलेलं मीठ, पाव-बिस्किटांतलं मीठ आणि दूध, भाजी, अंड्यात मुळातच असलेलं सोडियम हे सगळं आलं. मुळातल्या सोडियमचं मिठात रूपांतर केलं तर साध्या घरच्या जेवणात साधारण १ ग्रॅमच्या आसपास होतं. बाहेरच्या वस्तूंसाठी आणखी १ ग्रॅम राखून ठेवलं, तर स्वयंपाकात घालायला ३ ग्रॅम उरतात.

हे ३ ग्रॅम म्हणजे ५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्याने अर्धा चमचा, वरून सपाट केलेला. घरातले ‘चहाचे चमचे’ लहान-मोठे असतात, म्हणून केकच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो मापाचा संच एकदाच घ्या. रोज सकाळी एवढं मीठ एका लहान डबीत काढायचं. दिवसभरात वडिलांच्या ताटात जाईल ते मीठ याच डबीतून. डबी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं.

एकत्र घरात हे जमवायची युक्ती अशी की सगळ्यांचा स्वयंपाक मिठाशिवाय शिजवायचा, वडिलांची वाटी बाजूला काढायची आणि मग उरलेल्या पातेल्यात नेहमीसारखं मीठ घालायचं. आपल्याकडे भात बिनमिठाचाच होतो, भाकरीतही बहुतेक घरांत मीठ नसतं, त्यामुळे प्रश्न उरतो वरण-आमटी आणि भाजीचा. पोळीच्या कणकेतलं मीठ मात्र सगळ्यांसाठीच बंद करा. भाजीबरोबर खाल्ल्यावर ते कुणाला कळतही नाही.

वडिलांच्या वाटीत मीठ शिजताना नाही, वाढायच्या क्षणी घाला. शिजताना घातलेलं मीठ सगळीकडे मुरतं आणि मऊ, एकजीव पदार्थात ते जिभेला जाणवत नाही. तेवढंच मीठ वरून भुरभुरवलं की पहिल्या घासालाच लागतं. सुरुवातीला ‘अळणी आहे’ अशी कुरकूर होणारच. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे एकदम ३ ग्रॅमवर उडी न मारता दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत आणलेलं चांगलं.

उलट टोकाला जाऊन मीठ पूर्ण बंद करू नका. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतात. त्या चालू असताना म्हाताऱ्या माणसाने मीठ फारच तोडलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मग सुस्ती येते, तोल जातो, बोलण्यात असंबद्धपणा येतो, आणि घरचे ‘वयामुळे होतंय’ म्हणून सोडून देतात. असा बदल काही दिवसांत झालेला दिसला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

न दिसणारं मीठ

लोणचं, पापड, फरसाण, सुकट हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो ‘पथ्याच्या’ समजल्या जाणाऱ्या वस्तूंत.

सैंधव घ्या. उपासाला चालतं, आयुर्वेदात नाव आहे, म्हणून बीपीलाही चालेल अशी समजूत आहे. सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. साध्या मिठाइतकंच मोजा.

‘कमी सोडियमचं’ म्हणून पाकिटात मिळणारं मीठ ही वेगळी वस्तू आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनी धड असेल तर काहींना ते उपयोगी पडतं. पण किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या गोळ्या बीपीच्या रुग्णांना सर्रास दिलेल्या असतात. म्हणून हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणूच नका.

आंबटपणासाठी आपण आमसूल टाकतो. सुकवताना आमसुलांना बहुधा मीठ लावलेलं असतं आणि आगळ तर चांगलंच खारट असतं. वर्षाची चिंच घरात भरतानाही मीठ लावून ठेवतात. तेव्हा अशी आमसुलं किंवा चिंच वापरली तर त्या वाटीत वेगळं मीठ नको. आगळ मात्र टाळाच. लिंबू, ताजं ताक आणि कैरी यांच्यात ही भानगड नाही.

आणि खाण्याचा सोडा. डाळ, छोले लवकर मऊ व्हावेत म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय अनेक घरांत असते. पाव चमचा सोड्यात साधारण ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे पाऊण ग्रॅम मिठाएवढं. डबीतला चौथा हिस्सा तिथेच गेला, आणि खारट लागत नाही म्हणून कळलंही नाही. ढोकळा, पित्तावर पाण्यात घालून घ्यायची फसफसती पावडर आणि पाण्यात विरघळणाऱ्या काही गोळ्या यांतही हेच असतं.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढं एक गणित लक्षात ठेवलं की पुरतं. पावाच्या दोन स्लाइसमध्ये सहज अर्ध्या ग्रॅमच्या वर मीठ निघतं.

सोडा न घालता मऊ कसं करायचं

वेळ, पाणी आणि कापण्याची पद्धत, यांनीच ते होतं. डाळ दोन तास भिजत घाला आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. अख्ख्या मटकी-मुगापेक्षा सालं काढलेली मूगडाळ घ्या, कारण साल कवळीखाली जाऊन बसतं आणि तेच टोचतं. गुरगुट्या भाताला एक वाटी तांदळाला चार ते पाच वाट्या पाणी लागतं. जुना तांदूळ पाणी जास्त ओढतो, म्हणून त्याला पाच.

भाकरीवर जीव असलेल्या माणसाची भाकरी बंद करू नका. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवायचं आणि कोमट झाल्यावर चांगलं मळायचं, की भाकरी लुसलुशीत होते. तव्यावरून उतरवली की कडा काढून टाका, बाकीची गरम असतानाच कुस्करा, त्यावर कढत वरण किंवा दूध ओता आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. गार भाकरी कितीही भिजवली तरी तिचे कण रवाळ राहतात. गरम असतानाच पाणी आत शिरतं.

भाज्यांत दुधी, लाल भोपळा, पडवळ, घोसाळं, कोवळा दोडका या कामाच्या. दोडक्याच्या शिरा मात्र नीट काढा. पालेभाजी द्यायची तर दांडे काढून पानं आडवी बारीक चिरा, म्हणजे दोरे राहत नाहीत, आणि डाळीच्या पिठाचं बोट लावून ताकातली पातळ भाजी करा. फोडणीत मोहरीऐवजी जिऱ्याची पूड घालणं सोयीचं. कढीपत्ता तेलात चुरचुरला की चमच्याने काढून टाका, वास तेलात उतरलेला असतो.

मऊ झालं की नाही हे बोटांनी चेपून ठरवू नका, काट्याने बघा. गिळण्याच्या पथ्यासाठी जगभर वापरली जाणारी ही कसोटी आहे. घासाएवढा तुकडा घ्यायचा, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही. त्यावर काट्याची पाठ ठेवून अंगठ्याने दाबायचं, नख पांढरं पडेपर्यंत. तुकडा चेपला आणि काटा उचलल्यावर परत फुगला नाही तर ठीक. उकडलेला लाल भोपळा पास होतो. पनीरचा भाजलेला तुकडा रबरासारखा परत वर येतो, म्हणून पनीर कुस्करूनच द्या. साबुदाण्याची खिचडी मऊ दिसते, पण ती चिकट आणि तिच्यात शेंगदाण्याचे तुकडे, असा दुहेरी धोका. उपास सुटत नसेल तर वरीचा मऊ भात आणि दाण्याच्या अगदी बारीक कुटाची आमटी करा.

सगळं एकत्र मिक्सरमधून काढून राखाडी लगदा देऊ नका. वरण वेगळं, भोपळा वेगळा, भात वेगळा. रंग आणि वास वेगळे राहिले तरच माणूस दुसरा घास मागतो.

मिठाऐवजी काय

आंबट, तिखट आणि खमंग या तीन वाटा आहेत. वाढताना पिळलेलं लिंबू सगळ्यांत भरवशाचं. तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी ऐन वेळी वरून ओतली की बिनमिठाचं वरणही उभं राहतं. लसूण अख्खा नको, तुपात लाल करून चेचलेला. विकतच्या आलं-लसूण पेस्टमध्ये आणि कित्येक तयार मसाल्यांत मीठ असतं, पाकिटामागे बघून घ्या.

लोणच्याची तलफ ही वेगळी अडचण आहे, आणि ती ‘नाही’ म्हणून जात नाही. कैरीच्या दिवसांत मेथांबा करा: साल काढलेल्या कैरीच्या फोडी, मेथीदाण्याची पूड घातलेली फोडणी, थोडं तिखट, गूळ, आणि फोडी पूर्ण विरघळेपर्यंत शिजवायचं. आंबट-गोड-कडू अशा चवीमुळे मिठाची उणीव भासत नाही. मधुमेह असेल तर हे नको. ठेचा आवडणाऱ्यांसाठी मिरची आणि लसूण तव्यावर भाजून कोथिंबिरीबरोबर अगदी बारीक वाटायचं आणि घट्ट दह्यात मिसळायचं. मिठाशिवायचे हे पदार्थ टिकत नाहीत. ठेचा दोन दिवसांचाच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

अण्णांचा एक दिवस

डबीतल्या मिठाचे मनाशी चार भाग करायचे.

सकाळी साडेआठला दुधातली नाचणीची खीर, एक मोठी वाटी, वेलची घालून. मीठ शून्य. नाश्ता बिनमिठाचा ठेवला की दुपारी हात जरा सैल सोडता येतो, म्हणून पोहे-उपमा आठवड्यातून एकदाच. अकराला पिकलेली पपई किंवा केळं.

दुपारी एकला घट्ट मूगडाळीचं वरण भरपूर, गुरगुट्या भात, अर्धी कुस्करलेली भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, वाटीभर दही. मिठाचा दीड भाग: एक वरणावर, अर्धा भाजीवर. दह्यात आणि भातात नाही.

चारला चहा, आणि खारीऐवजी एका अंड्याची ओलसर भुर्जी, दूध घालून मंद आचेवर केलेली. त्यात अर्धा भाग मीठ. अंडं चालत नसेल तर कुस्करलेलं ताजं पनीर.

रात्री आठला ताकातलं सैलसर पिठलं आणि मऊ भात, दीड भाग मीठ. पिठलं गार होताना आळतं आणि घशाला चिकटतं, म्हणून नेहमीपेक्षा पातळ उतरवा. झोपायच्या तासभर आधी कपभर दूध.

उरलेला अर्धा भाग अण्णांच्या हातात. त्यांना वाटेल त्या घासावर त्यांनी भुरभुरवायचा. आपल्या ताटावर आपला काहीच हक्क राहिला नाही असं वाटलं की माणूस लपवून फरसाण खातो.

या दिवसात प्रथिनं ५५ ग्रॅमच्या आसपास जमतात. किडनी चांगली असलेल्या म्हाताऱ्या माणसाला किलोमागे १ ग्रॅम किंवा थोडी जास्त लागतात, म्हणजे ५८ किलोच्या अण्णांना जेमतेम पुरेशी. यातली डाळ किंवा दूध एखाद्या दिवशी गळलं तरी हिशेब बिघडतो. नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटांवर तर तो निम्म्यावरही जात नाही, मग दंडा-मांड्यांचं मांस उतरतं आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात.

जेवताना ताठ बसवा, पलंगावर रेललेलं नको. चमचा लहान घ्या, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

पुढे काय बघत राहायचं

बीपी घरी मोजत असाल तर सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजा आणि वहीत लिहा. मीठ कमी झाल्यावर आधीचीच गोळी जास्त लागू पडू शकते. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी मनाने कमी करू नका. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात. जेवण नीट असूनही आकडा चढला तर आधी औषधांचा डबा तपासा.

मऊ जेवणात चोथा कमी पडतो, त्यामुळे पोट साफ होत नाही. शिजवलेली भाजी दोन्ही वेळा, पपई, भिजवून शिजवलेले अंजीर आणि पुरेसं पाणी यांनी बहुतेकांचं भागतं. इसबगोल द्यायचा तर भरपूर पाण्याबरोबरच, आणि गिळण्याची तक्रार असेल तर अजिबात नाही.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. सहा महिन्यांत पाच टक्के उतरलं, म्हणजे ५८ चं साधारण ५५ झालं, तर डॉक्टरांना दाखवा. तोवर मिठाची काटकसर जरा सैल करून ताट रिकामं होण्याकडे लक्ष द्या. किती सैल, तेही त्यांनाच विचारा. वहीबरोबर गोळ्यांची पाकिटं आणि दोन-तीन दिवस काय काय खाल्लं याची यादी न्यायला विसरू नका.